चौकट "ओळंब्यात आहे" म्हणतात, पण गाळा मधे तीन सूत कमी भरतोय

बोरीकाठ (अमळनेर)

राम राम मंडळी. घराचं बांधकाम नऊ इंची विटांचं आहे, स्लॅब झालाय, प्लास्टर बाकी आहे. एकूण सात दरवाजे. भिंती बांधताना चौकटी तयार नव्हत्या, म्हणून गवंड्याने नुसते गाळे सोडले. आता सागाच्या चौकटी आल्यात. लाकूड पाच बाय अडीच इंच, चौकट बाहेरून सव्वातीन फूट बाय सात फूट, खाली उंबरठा नाही. गाळा तीन फूट पाच इंच, म्हणजे दोन्ही बाजूंना एकेक इंच जागा.

चार दिवसांपूर्वी पहिली चौकट बसवली. प्रत्येक बाजूला तीन होल्डफास्ट. ते चौकटीला खिळ्यांनी ठोकलेत. भिंतीत खड्डे करून काँक्रीट भरलं. आज टेप लावला तर आतली रुंदी वर ३४ इंच, खाली ३४ इंच, पण मधे ३३ इंच ५ सूत, म्हणजे तीन सूत कमी. गवंडी म्हणतो ओळंब्यात आहे, पल्ला बसवताना सुतार रंधा मारून घेईल. बाकीच्या सहा चौकटी अजून उभ्या करायच्यात. ही अशीच ठेवू की काढू?

भुसावळ_साइट

भाऊ, सात फुटांत दोन-तीन सूत इकडे-तिकडे चालतं. आमच्याकडे दीपनगरच्या राखेच्या विटांच्या भिंती असतात, तिथेही एवढा फरक येतोच. लेव्हल लावून बघा, बुडबुडा मधे असेल तर काळजी करू नका. पल्ला मधे थोडा रंधून घ्यायचा. तोडफोड केली तर चौकट आणखी हलेल.

सागवान_शिरपूर

रंधा मारून हे सुटत नाही. पल्ल्याची कड मधे तीन सूत घेतली की वर-खाली सरळ चौकटीला सरळ पल्ला राहणार नाही, कड धनुष्यासारखी होईल. पल्ला सरळ ठेवून पूर्ण कडेला तीन सूत घेतलं तर वर आणि खाली तीन सुतांची फट दिसेल. बिजागरी बसणाऱ्या उभ्याला फुगवटा असेल तर त्रास दुप्पट होतो. तीन बिजागऱ्यांचे खिळे एका सरळ रेषेत नसले की पल्ला फिरताना करकरतो आणि मधल्या बिजागरीचे स्क्रू हळूहळू ढिले होतात.

लेव्हलबद्दल: एक फुटी लेव्हल फुगवट्यावर कुठेही ठेवा, त्या एका फुटापुरतंच सांगेल. वर ठेवली तर एक, खाली ठेवली तर दुसरं. सहा फुटी ॲल्युमिनियमची सरळ पट्टी उभ्याच्या आतल्या बाजूला लावा आणि पट्टीमागे कुठे उजेड दिसतो ते बघा. मधे फुगवटा असेल तर पट्टी मधे टेकेल आणि दोन्ही टोकांना उजेड दिसेल. कोणता उभा किती आत आलाय तेही तिथेच कळेल.

आणि बोरीकाठ भाऊ, तुम्ही फक्त रुंदी मोजलीत. ओळंबा दोन बाजूंनी लावावा लागतो. एक चौकटीच्या आतल्या अंगाला, दुसरा खोलीकडच्या तोंडाला. दुसरा लावला का? दोन्ही उभ्यांचं माप हवं, आणि कोणता उभा कुठल्या बाजूला झुकतो तेही.

साक्री_शेत

आमच्या धाब्याच्या घराची चौकट आपटली की हलते. भिंत दगड-मातीची आहे. होल्डफास्ट लावले तर थांबेल का? किती लागतील?

सागवान_शिरपूर

दादा, तुमचा प्रश्न वेगळा आहे. होल्डफास्टची ताकद लोखंडात कमी, आणि ज्या काँक्रीटच्या गठ्ठ्यात तो गाडलाय त्यात जास्त. तो गठ्ठा आजूबाजूच्या चिऱ्यांत अडकला पाहिजे. मातीत गाडला तर पहिल्याच उन्हाळ्यात माती आक्रसेल आणि गठ्ठाच्या गठ्ठा हलायला लागेल. चौकटीच्या दोन्ही बाजूंचा दीड फूट तरी भाग उकलून सिमेंटात वीट किंवा दगड बांधून घ्या, मग त्यात होल्डफास्ट धरेल. वरच्या लाकडी पाटईला टेकू दिल्याशिवाय एक दगडही काढू नका.

बोरीकाठ (अमळनेर)

आता दुसरा ओळंबा लावला. तोंडाच्या बाजूने डावा उभा वर खोलीच्या आत तीन सूत झुकलाय, उजवा वर बाहेर दोन सूत. आतल्या अंगाने डावा उभा मधे दोन सूत फुगलाय, उजवा एक सूत. बिजागऱ्या डाव्या उभ्याला येणार आहेत, पल्ला आत उघडणार.

भुसावळ_साइट

हे बघा, तीन आणि दोन. दोन्ही माझ्या हिशोबात बसतात.

सागवान_शिरपूर

नाही बसत, आणि का ते नीट सांगतो, कारण सगळीकडे हीच चूक होते. दोन्ही उभे एकाच बाजूला तीन सूत झुकले असते तर पल्ला खाचेत सपाट बसला असता. फक्त तो आपोआप उघडत किंवा मिटत राहिला असता. इथे एक आत आणि एक बाहेर झुकलाय. झुकाव विरुद्ध असले की ते एकमेकांत मिळवायचे, म्हणजे वरच्या कोपऱ्यात पाच सुतांचा पीळ. पल्ला डाव्या उभ्याच्या झुकावाने फिरेल, मिटताना उजवीकडे खालच्या कोपऱ्यात आधी टेकेल, आणि वरचा कोपरा खाचेपासून पाच सूत लांब राहील. वरून ढकलून कडी लावली तर पल्ला ताणलेला राहील, आणि पहिल्या पावसात कडी लागेनाशी होईल.

हा पीळ दोरीने एका मिनिटात दिसतो. चौकटीच्या तोंडावर चार कोपऱ्यांत खिळे मारा आणि कर्णावर दोन दोऱ्या ताणा. मधे दोऱ्या नुसत्या एकमेकींना शिवल्या तर पीळ नाही. त्यांच्यात अंतर दिसलं तर त्याच्या दुप्पट पीळ एका कोपऱ्यात आहे. तुमच्याकडे अडीच सूत अंतर यायला हवं. एक दोरी दुसरीला दाबत असेल तर अंतर दिसत नाही, म्हणून वरची दोरी खाली घेऊन पुन्हा ताणा आणि बघा.

बोरीकाठ (अमळनेर)

ताणल्या. पहिल्यांदा एकमेकींना दाबत होत्या. उलट केल्यावर अंतर अडीच सुताच्या आसपास दिसलं. म्हणजे तुम्ही म्हणता तेच.

गिरणाकाठ (भडगाव)

दादा, एक विचारू? काँक्रीट भरताना चौकटीच्या मधे आडवी पट्टी होती का? आणि पाचरी कुठे ठोकल्या होत्या?

बोरीकाठ (अमळनेर)

ताई, खाली एक पट्टी होती, मधे नव्हती. पाचरी लाकडाच्याच, मधल्या होल्डफास्टच्या वर-खाली आणि वर एकेक. काँक्रीट सळईने दाबून दाबून भरलं.

गिरणाकाठ (भडगाव)

मग फुगवट्याचं कारण हेच. उभा वर आडव्या लाकडात खोचलेला असतो, खाली पट्टीने धरलेला असतो, आणि मधे सहा-साडेसहा फूट मोकळा. मागून पाचर ठोकली किंवा काँक्रीट दाबलं की अडीच इंची सागही मधेच वाकतो. काँक्रीट घट्ट झालं की तो वाक कायमचा.

बाकीच्या सहा चौकटींना काँक्रीट भरण्याआधी दोन आडव्या पट्ट्या लावा, एक खाली आणि एक मधे. दोन्ही पट्ट्यांची लांबी वरच्या आतल्या रुंदीएवढी, म्हणजे ३४ इंचच. खाली मोजून कापू नका, वरची रुंदी हेच मूळ माप. पट्टीचं टोक उभ्याच्या आतल्या अंगाला टेकवा आणि बारीक खिळ्याने अडकवा, म्हणजे लाकडावर व्रण राहत नाही.

पाचर एकटी ठोकायची नाही. दोन पाचरी उलट तोंडांनी एकमेकींवर सरकवायच्या, म्हणजे जाडी समांतर वाढते. एकटी पाचर उभ्याच्या एकाच कडेला ढकलते आणि उभा स्वतःभोवती फिरतो. तुमच्याकडे पीळ तिथूनच सुरू झाला असेल. आणि पाचर होल्डफास्टच्या शेजारीच, मोकळ्या जागी नाही. वरच्या आडव्याच्या मध्यावर तर मुळीच नको, फक्त दोन्ही उभ्यांच्या डोक्यावर.

सागवान_शिरपूर

ताईंचं बरोबर. भिंत सरळ नसते तिथे पाचरी कमी-जास्त जाडीच्या येणार हे धरून चला. कितीतरी गवंडी दोन्हीकडे एकसारखी फट दिसावी म्हणून चौकट भिंतीच्या झुकावाने लावतात. फट प्लास्टरने झाकली जाते, चौकटीचा झुकाव जात नाही. एका बाजूला सहा सूत आणि दुसरीकडे दहा सूत राहिले तरी चालेल, उभा ओळंब्यात हवा.

तोंडाच्या बाजूनेही तेच. चौकट विटांच्या पुढे किती काढायची ते प्लास्टरच्या जाडीवर ठरतं. विटेच्या सरळ रेषेत बसवली तर प्लास्टर चौकटीवर चढतं आणि पल्ला पूर्ण उघडत नाही. साधारण चार-पाच सूत पुढे. पण भिंत खालपासून वरपर्यंत चार सूत झुकली असेल तर एका टोकाला सहा सूत, दुसऱ्याला दोन सूत प्लास्टर उरतं, आणि दोन सुतांचं प्लास्टर टिकत नाही. अशा वेळी आधी भिंतीवर प्लास्टरचे ठिपके लावून जाडी ठरवा, त्यांना दोरी लावा, आणि चौकट त्या दोरीला आणा. विटेकडे बघूच नका.

भुसावळ_साइट

पिळाचं पटलं. मी दोन्ही उभे वेगवेगळे मोजत होतो. पण आता ती काढायची कशी? चार दिवसांचं काँक्रीट फोडताना वरचा लिंटल हलला तर?

सागवान_शिरपूर

पूर्ण चौकट काढायची गरज नाही. खालचे दोन होल्डफास्ट तसेच ठेवा. ते जमिनीपासून एक फुटावर आहेत, आणि तीन सुतांच्या झुकावातला एक सप्तमांश भागच त्या उंचीवर येतो, अर्ध्या सुतापेक्षा कमी. वरचे आणि मधले असे चार सोडवायचे. खड्डा भिंतीच्या तोंडाकडून उघडा, प्लास्टर झालेलं नाही म्हणून हे सोपं आहे. छिन्नी आणि एक किलोचा हातोडा, ब्रेकर मशीन नको. एका वेळी एकच खड्डा, आणि वरचा होल्डफास्ट लिंटलच्या एक फूट खाली असतो, त्यामुळे लिंटलखालच्या विटांना हात लागत नाही. फोडायच्या आधी चौकटीला समोरून आणि मागून तिरपे टेकू द्या.

चारही मोकळे झाले की दोन्ही पट्ट्या लावा. मग डाव्या उभ्याचं डोकं बाहेर तीन सूत आणि उजव्याचं आत दोन सूत, थोडं थोडं करून, दोऱ्या शिवेपर्यंत. डोकं जागेवर आलं की टेकू पक्के. त्यानंतर कर्ण मोजा. दोन्ही कर्ण एका सुताच्या आत सारखे यायला हवेत.

खिळे मात्र बदला. पल्ला आपटत राहिला की खिळे हळूहळू ढिले होतात. चौकट उभी नसताना होल्डफास्टची वाकवलेली पट्टी लाकडात तिच्या जाडीइतकी खोचून दोन इंची, दहा नंबरचे दोन स्क्रू लावायचे, आधी गिरमिटाने भोक पाडून. तुमची चौकट उभी आहे आणि मागे इंचभरच जागा आहे, पेचकस चालणार नाही. म्हणून खाचेतून आरपार भोक पाडून बोल्ट घाला, डोकं लाकडात बुडवा, नट मागून उघड्या खड्ड्यातून आवळा. पल्ला बसला की डोकं झाकलं जाईल.

बोरीकाठ (अमळनेर)

समजलं. खड्ड्याचं माप आणि मालाचं प्रमाण सांगाल का? गवंड्याने पहिल्या वेळी नुसती वाळू-सिमेंट भरली होती, खडी नव्हती.

गिरणाकाठ (भडगाव)

होल्डफास्ट चौकटीतून भिंतीच्या लांबीत शिरतो. म्हणून खड्डा एक फूट खोल, सहा इंच उंच, चार इंच रुंद. सहा खड्ड्यांचा मिळून बरोबर एक घनफूट होतो. एक भाग सिमेंट, दोन वाळू, चार बारीक खडी, म्हणजे एका चौकटीला नऊ-दहा किलो सिमेंट पुरतं. होल्डफास्टचं टोक फाटलेलं, म्हणजे माशाच्या शेपटीसारखं असायला हवं. सरळ पट्टी असेल तर काँक्रीटमधून सरकू शकते.

खडी नसली तर नुसता मसाला जास्त आक्रसतो आणि विटेपासून सुटतो. आत्ता मे महिना, आपल्याकडे ४४-४५ अंश. कोरडी वीट पाच मिनिटांत मसाल्यातलं पाणी ओढून घेते आणि काँक्रीट घट्ट व्हायच्या आधीच कोरडं होतं. असा गठ्ठा छिन्नीने पीठ होऊन पडतो, तुमच्याकडे फोडताना तसं झालं तर कारण हेच समजा. खड्डा झाडून धूळ काढा, आदल्या संध्याकाळी आणि भरायच्या आधी पाणी मारा, काम सकाळी सातपर्यंत आटपा. भरल्यावर सात दिवस ओलं पोतं. पण पोतं काँक्रीटवर ठेवा, लाकडावर नाही.

आणि सहाही एकाच वेळी भरू नका. वरचे आणि खालचे आधी. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन्ही ओळंबे आणि दोऱ्या, मग मधले. काही सरकलं असेल तर मधल्याने सुधारता येतं.

सागवान_शिरपूर

ओळंब्याचं एक. दुपारी वारं सुटलं की गोळा स्थिर राहत नाही आणि माणूस अंदाजाने माप सांगतो. गोळा खाली पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा, डुलणं लगेच थांबतं. दोरीपासून उभ्यापर्यंतचं अंतर वर, मधे आणि खाली टेपने घ्या, लिहून ठेवा. डोळ्यांनी "बरोबर आहे" म्हणणं वेगळं, तीन आकडे लिहिणं वेगळं.

राहिलेल्या सहा चौकटी कुठे ठेवल्यात? उन्हात भिंतीला टेकवल्या असतील तर आजच आत न्या. एका बाजूने ऊन लागलं की उभा आठवड्यात वाकतो, आणि मग पट्टी-पाचर काही करत नाही. सपाट जमिनीवर, खाली तीन आडव्या पट्ट्या ठेवून, एकावर एक.

साक्री_शेत

मागच्या बाजूला डांबर लावायचं की प्रायमर? आमच्याकडे जुने लोक डांबरच लावतात.

गिरणाकाठ (भडगाव)

भिंतीला टेकणाऱ्या मागच्या अंगाला डांबर चालतं, ओल आणि वाळवी दोन्ही अडते. पण कडेपर्यंत आणू नका, पुढे प्लास्टरच्या रंगातून पिवळे डाग येतात. उंबरठा नाही म्हणून पायथ्याचा दीड इंच भाग फरशीत जाईल, तिथे तळाच्या कापलेल्या टोकालाही लावा. लाकूड पाणी सगळ्यात जास्त त्या टोकातूनच ओढतं.

सागवान_शिरपूर

डांबराला माझा विरोध आहे. लाकूड पूर्ण सुकलेलं नसेल तर आतली ओल कोंडते. मी प्रायमरचे दोन हात देतो.

गिरणाकाठ (भडगाव)

सुकलेलं नसेल तर चौकटच करायची नाही ना. पण ठीक आहे, यावर आपलं जमणार नाही.

भुसावळ_साइट

लाकडी पाचरी नंतर काढायच्या की आत राहू द्यायच्या? आमच्याकडे राहू देतात.

सागवान_शिरपूर

काढा, सात दिवसांनी. जागेवर मसाला भरा. पाचरी हलक्या लाकडाच्या असतात, वाळवी आधी तिथे येते आणि तिथून सागाच्या मागे सरकते. शिवाय पावसात फुगतात, उन्हाळ्यात सैल होतात. हाताशी शहाबादी फरशीचे तुकडे असतील तर शेवटची जाडी त्यांनीच भरा, ते काढायची गरज नाही.

बोरीकाठ (अमळनेर)

आज चारही खड्डे उघडले. उजवा वरचा गठ्ठा खरंच छिन्नीने पीठ होऊन पडला. डावा मधला मात्र घट्ट होता. पट्ट्या लावल्यावर मधला गाळा ३४ इंच आला, दोऱ्या शिवल्या, कर्णात एका सुताचा फरक. उद्या सकाळी वरचे दोन भरतो.

आणखी एक. सातव्या दरवाजाला एका बाजूला नऊ इंची भिंत आहे आणि दुसऱ्या बाजूला आरसीसी कॉलम. कॉलममध्ये खड्डा कसा करायचा?

गिरणाकाठ (भडगाव)

कॉलम अजिबात फोडू नका. तिथे होल्डफास्ट नको, अँकर फास्टनर घ्या. चौकटीत खाचेच्या जागेतून भोक, कॉलममध्ये ड्रिल, दहा मिलिमीटरचा फास्टनर, तीन जागी त्याच उंचीवर. ड्रिल सळईला लागलं तर तिथेच थांबा आणि इंचभर वर-खाली नवीन भोक घ्या. मागच्या एक इंच फटीत फास्टनरच्या जागी फरशीचा तुकडा आधी भरा, मगच आवळा. नाहीतर आवळताना उभा कॉलमकडे ओढला जाईल आणि फुगवट्याऐवजी आत खळगा पडेल.

भुसावळ_साइट

त्या फटीत फोम भरला तर? बाटलीतला येतो तो.

सागवान_शिरपूर

फोम फट भरतो, धरत नाही. खोलीच्या दाराला फास्टनर असताना हरकत नाही. मुख्य दाराला मी भरत नाही, उन्हाकडच्या बाजूला तो पिवळा पडून चुरा होतो. कोणी बाहेरून प्लास्टरने पूर्ण झाकून चार-पाच वर्षं टिकलेला बघितला असेल तर सांगा, मला खरंच माहिती हवी आहे.